पेमेंट ॲपचा चालक ओळखणे (वॉलेट, पेमेंट ॲग्रिगेटर आणि बँक)

एकाच नावाच्या पेमेंट ॲपमागे निरनिराळे परवाने घेतलेल्या अनेक संस्था असू शकतात. व्यवहार सुरळीत असतो तोवर हा भेद कोणाच्या ध्यानात येत नाही. पैसे अडकले, की ते त्या क्षणी नेमके कोणाच्या ताब्यात होते यावर पुढचे सगळे ठरते.

वॉलेटमध्ये ग्राहक आधी पैसे भरतो आणि मग त्यातून खर्च करतो. पूर्ण केवायसी केलेल्या वॉलेटमध्ये २ लाख रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते. वॉलेट बिगरबँक कंपनीचे असेल, तर तिला ही रक्कम व्यापारी बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळी ठेवावी लागते. तरीही ती ठेव नव्हे. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि बँक बुडाल्यास ५ लाखांपर्यंत मिळणारे ठेवविम्याचे संरक्षणही नाही. पेमेंट ॲग्रिगेटर दुकानदारासाठी काम करतो. ग्राहकांनी कार्डाने किंवा यूपीआयने दिलेले पैसे तो एस्क्रो खात्यात गोळा करतो आणि हिशेब करून दुकानदाराच्या बँक खात्यात जमा करतो. ठेवी घेते ती बँक. पेमेंट्स बँकही बँकच आहे. मात्र तिला कर्जे देता येत नाहीत आणि एका ग्राहकाची शिल्लक २ लाखांपुरतीच ठेवता येते. या ठेवींना विमा लागू होतो.

यांखेरीज चौथी भूमिका आहे आणि खरा गोंधळ तिच्यामुळेच होतो. नुसते यूपीआय चालवणारे ॲप पैसे स्वतःकडे ठेवत नाही. ते एखाद्या बँकेच्या आधाराने ग्राहकाच्या बँक खात्याला फक्त आदेश पाठवते. त्याला मान्यता मुंबईच्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाची, म्हणजे एनपीसीआयची असते.

पेटीएमच्या प्रकरणात हे सगळे थर एकदम उघडे पडले. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. नवी जमा थांबवण्यासाठी आधी दिलेली २९ फेब्रुवारीची मुदत पुढे १५ मार्चपर्यंत वाढवली. ॲप वन९७ कम्युनिकेशन्स या कंपनीचे होते. वॉलेट आणि बचत खाते मात्र पेमेंट्स बँकेचे. त्यामुळे मुळशी तालुक्यातल्या रिहे गावातला किराणा दुकानदार घेतला, तर त्याच्या काउंटरवरचा क्यूआर बंद पडणार की नाही, हे फलकावरच्या निळ्या अक्षरांवरून कळण्यासारखे नव्हते. विक्रीचे पैसे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जमा होत असतील, तर तोच क्यूआर १५ मार्चनंतरही चालणार होता. ते पेमेंट्स बँकेच्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये येत असतील, तर नवी जमा थांबणार होती. वॉलेटमधली आधीची शिल्लक संपेपर्यंत वापरता येत होती, फक्त भर घालता येत नव्हती. १४ मार्चला एनपीसीआयने वन९७ला यूपीआय ॲप म्हणून मान्यता दिली. आधाराला अ‍ॅक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक आणि येस बँक या चार बँका आल्या. ॲप तेच राहिले, पण पुढे यूपीआय आयडीच्या शेवटी @ptaxis, @pthdfc, @ptsbi, @ptyes असे शब्द दिसू लागले.

चालक शोधताना ब्रँडचे नाव बाजूला ठेवावे आणि ॲपमधल्या नियम व अटी उघडाव्यात. तिथे कंपनीचे पूर्ण नोंदणीकृत नाव असते. वॉलेटच्या अटींमध्ये ते जारी कोण करते हे बहुधा स्वतंत्रपणे लिहिलेले असते. एकाच ॲपमधल्या वॉलेटच्या, यूपीआयच्या आणि व्यापाऱ्यांच्या अटींमध्ये निरनिराळी नावे निघाली, तर तेवढ्यावरून संशय घेऊ नये. प्रत्येक नाव वेगळे तपासावे. rbi.org.in वर पेमेंट आणि सेटलमेंट सिस्टम्स कायदा, २००७ खाली अधिकृत केलेल्या संस्थांची यादी असते. वॉलेट काढणाऱ्या बिगरबँक कंपन्या आणि ॲग्रिगेटर तिथे सापडतात. बँक मात्र बँकांच्या यादीतच शोधावी लागते आणि यूपीआय ॲप एनपीसीआयच्या यादीत. नुसते यूपीआय ॲप रिझर्व्ह बँकेच्या यादीत मिळाले नाही, म्हणून ते बनावट ठरत नाही.

आयडीमधल्या @ नंतरच्या शब्दावरून फक्त ॲपला आधार देणारी बँक कळते. आपले खाते त्याच बँकेत आहे असा त्याचा अर्थ नाही. यादीतले नाव अक्षर न् अक्षर जुळवावे लागते, कारण एकाच समूहातल्या कंपन्यांची नावे जवळजवळ सारखी असतात आणि एकीचा परवाना दुसरीला चालत नाही. ‘रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला आहे’ किंवा ‘तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे’ ही विधाने अंतिम परवान्याच्या जागी धरू नयेत. ॲग्रिगेटरकडे रक्कम अडकल्यास दुकानदाराने आपल्या करारावरचे कंपनीचे नाव पाहून तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. ज्या बँकेत पैसे अजून पोहोचलेलेच नाहीत, तिच्या शाखेत खेटे घालून ते सुटत नाहीत.