कर्जासोबत गळ्यात घातलेला विमा

वैयक्तिक कर्ज देताना बँक किंवा वित्तकंपनी कर्जदाराच्या नावे आयुर्विमा, अपघात विमा किंवा गंभीर आजाराचा विमा घेते आणि त्याचा पूर्ण हप्ता एकरकमी कर्जातच मिळवते. असा विमा बहुधा समूह विमा असतो. मूळ पॉलिसी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या नावावर असते आणि कर्जदाराला फक्त विमा प्रमाणपत्र मिळते. कर्जदार दगावल्यास विमा कंपनी आधी उरलेले कर्ज फेडते. घरात एकच कमावता असेल तर असा विमा उपयोगाचा आहे, पण तो घ्यायचा की नाही हे कर्जदाराने ठरवायचे असते. विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही, अशी अट बँकेला घालता येत नाही.

मुळात संमती घेतली जाते तेव्हाच गडबड होते. ॲपवर विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते, किंवा कर्जाच्या कागदांसाठी आलेला ओटीपीच विम्यालाही लागू केला जातो. शाखेत ‘इथे सही करा’ म्हणून पुढे केलेल्या कागदांमध्ये विम्याचा प्रस्ताव असतो. त्यातला प्रकृतीविषयक जाहीरनामा प्रतिनिधीनेच भरलेला असेल तर धोका आणखी मोठा. मधुमेहाच्या रकान्यात परस्पर ‘नाही’ लिहिले गेले, तर उद्या वारसांचा दावा त्याच कारणाने नाकारला जाऊ शकतो.

एक उदाहरण घेऊ. कर्जदाराला ३,००,००० रुपये हवे आहेत, व्याज १५ टक्के, मुदत ४८ महिने. मंजुरीपत्रात मात्र रक्कम ३,१२,००० दिसते, कारण १२,००० रुपयांचा विमा हप्ता त्यात मिळवलेला आहे. प्रक्रिया शुल्क बाजूला ठेवले तर खात्यात तीनच लाख येतात. मासिक हप्ता ८,३४९ ऐवजी ८,६८३ रुपये होतो. फरक ३३४ रुपयांचा असल्याने तो सहसा डोळ्यांवर येत नाही, पण ४८ महिन्यांत त्याचे सुमारे १६,००० रुपये होतात. म्हणजे न मागितलेल्या विम्यावर चार हजारांचे व्याजही भरले जाते. हे ओळखण्याची खूण सोपी आहे : मंजूर रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम यांतल्या फरकाचा रुपयान्‌रुपयाचा हिशेब मागावा.

१ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक केले आहे. संस्था कर्जदाराकडून वसूल करत असलेला विमा हप्ता त्यात दाखवावा लागतो आणि वार्षिक टक्केवारी दरातही धरावा लागतो. या विवरणात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. तक्रारीत हा कागद सर्वांत जास्त कामाला येतो.

पैसे परत मिळवण्याचा सर्वांत सरळ मार्ग ‘फ्री लूक’ मुदतीचा आहे. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार आयुर्विमा आणि आरोग्य विमा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत रद्द करता येतो. विमा चालू होता तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा होऊन बाकी रक्कम परत मिळते. ही मुदत कर्जवाटपाच्या तारखेपासून मोजली जात नाही. म्हणून प्रमाणपत्राचा ईमेल किंवा एसएमएस कधी आला याचा पुरावा जपावा. प्रमाणपत्र आलेच नसेल तर तसे लेखी कळवून ते मागावे.

अर्ज विमा कंपनी आणि कर्ज देणारी संस्था या दोघांना एकाच ईमेलने करावा, नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. कर्ज खाते क्रमांक, प्रमाणपत्र क्रमांक, हप्त्याची रक्कम आणि ‘हा विमा मी मागितला नव्हता, तो रद्द करावा’ एवढे स्पष्ट लिहिले की पुरे. सोबत संमतीचा पुरावा, म्हणजे ओटीपीची नोंद, कॉलचे ध्वनिमुद्रण किंवा सही केलेला प्रस्ताव, मागावा. परतावा कर्ज खात्यात जमा होणार असेल तर मुद्दल कमी करून मासिक हप्ता किंवा मुदत नव्याने काढून द्यावी, हेही त्यातच लिहावे. अनेक जण इथेच फसतात. रक्कम जमा होते आणि हप्ता मात्र जुनाच कापला जातो.

तीस दिवस उलटून गेले असतील तर विमा कंपनीकडे समर्पण मूल्य मागता येते, पण ते भरलेल्या हप्त्यापेक्षा कमी असते. पूर्ण रक्कम हवी असेल तर संमतीच नव्हती, हा मुद्दा लढवावा लागतो. संस्थेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. विमा कंपनी परतावा अडवत असेल तर विमा लोकपालाकडे जावे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे येथे त्याची कार्यालये आहेत. एक सेवा घेण्यासाठी दुसरी विकत घ्यायला लावणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला राहतो.

वाद चालू असताना कर्जाचे हप्ते थांबवू नयेत. थकबाकीची नोंद पत माहिती संस्थेकडे जाते आणि विम्याची तक्रार चालू आहे म्हणून ती टळत नाही.