दाढ काढल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका वाढला? ड्राय सॉकेटची शक्यता, चूळ भरण्याचे नियम आणि परत कधी जावे

दाढ काढली त्या दिवशी दुखते, हे सर्वांनाच अपेक्षित असते. भूल उतरली की वेदना सुरू होतात, गोळीने थांबतात आणि दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी कमी होतात. गोंधळ होतो तो पुढे. दुखणे ओसरत आले असताना एकाएकी पुन्हा ठणका लागतो, कान आणि कानशीलही दुखू लागते आणि गोळीचा परिणाम दोन तासांतच संपतो. सावनेर परिसरातले रुग्ण अशा वेळी बहुधा आधी औषधाच्या दुकानात जातात आणि अँटिबायोटिक घेऊन येतात. या दुखण्यावर त्याचा सहसा उपयोग होत नाही. तो का होत नाही, हे समजले तर पुढे काय करायचे तेही कळेल.

ड्राय सॉकेट म्हणजे काय

दाढ निघाल्यावर जबड्याच्या हाडात खड्डा उरतो. तो रक्ताने भरतो आणि रक्त गोठून गुठळी बनते. ही गुठळी म्हणजे त्या जागेची नैसर्गिक पट्टीच असते. तिच्याखालचे हाड आणि नसांची टोके झाकलेली राहतात आणि तिच्यातूनच नवे मांस भरत जाते. ही गुठळी वेळेआधी विरघळली किंवा निघून गेली तर हाड उघडे पडते. हवा, थंड पाणी, अन्नाचे कण असे काहीही लागले की कळ जाते. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. इथे पू नसतो आणि सहसा तापही नसतो. अडचण उघड्या हाडाची असते, म्हणून अँटिबायोटिकने दुखणे थांबत नाही.

साध्या दात काढण्यात हा त्रास शंभरात एक ते पाच जणांना होतो. खालची अक्कलदाढ हाड कापून काढावी लागली असेल तर प्रमाण बरेच जास्त असते. तंबाखू, बिडी-सिगारेट आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनीही शक्यता वाढते. आपल्या भागात खर्ऱ्याची विशेष काळजी घ्यावी लागते. त्यात तंबाखू, सुपारी आणि चुना तिन्ही असतात, शिवाय सुपारीचे कण खड्ड्यात अडकतात आणि पिचकारी मारताना तोंडात जो जोर लागतो त्याने गुठळी सुटू शकते. दुखणाऱ्या जागी मिसरी किंवा गुडाखू लावण्याची सवय असेल तर तीही त्या दिवसांत बंद ठेवा.

ओळखायचे कसे

एक उदाहरण घेऊ. सोमवारी सकाळी ११ वाजता खालची अक्कलदाढ काढली. सोमवारी रात्री दुखले, मंगळवारी एका गोळीत भागले, संध्याकाळी वरण-भातही नीट खाल्ला. बुधवारी दुपारनंतर जबड्यातून कानाकडे ठणका सुरू झाला आणि रात्री झोप लागली नाही. तोंडाला घाण वास आणि कडवट चव येते. ताप नाही, गाल सुजलेला नाही. मोबाइलच्या उजेडात आरशात पाहिले तर खड्ड्यात लाल-काळी गुठळी दिसत नाही, खड्डा रिकामा आहे किंवा तळाशी पांढुरके-राखाडी हाड दिसते आहे. हे ड्राय सॉकेटचे अगदी ठरावीक चित्र आहे.

यातली मुख्य खूण वेळेची आहे. साधी वेदना पहिल्या दिवशी सर्वात जास्त असते आणि रोज उतरत जाते. ड्राय सॉकेटची वेदना पहिल्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान नव्याने चढते. जंतुसंसर्गात बहुतेक वेळा सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढते आणि सोबत ताप किंवा पू असतो.

मात्र खड्ड्यावर पांढरट-पिवळसर थर दिसला आणि दुखणे कमी होत असेल, तर तो पू नाही. ती भरत येणारी जखम आहे. काडीने, कापसाने किंवा बोटाने ती खरवडू नका. अनेकजण घाण समजून नेमके हेच करतात.

चूळ भरण्याचे नियम

पहिले २४ तास चूळ भरायची नाही, जोराने थुंकायचे नाही, स्ट्रॉने काही ओढून प्यायचे नाही. तोंडात लाळ आली तर गिळा.

२४ तासांनंतर एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवा. जेवणानंतर आणि झोपताना, दिवसातून चार-पाच वेळा ते वापरा. पद्धत महत्त्वाची आहे. घोट तोंडात घ्या, मान काढलेल्या दाढेच्या बाजूला कलती करा, अर्धा मिनिट तसेच धरा आणि बेसिनवर वाकून पाणी आपोआप पडू द्या. गाल फुगवून खळखळ करायची नाही आणि घशात गुळण्याही करायच्या नाहीत. पाणी कडक गरम नको.

दंतवैद्याने क्लोरहेक्सिडिनचे औषध दिले असेल तर ते त्यांनी सांगितल्याप्रमाणे, सहसा दिवसातून दोनदा, याच हलक्या पद्धतीने वापरा. टूथपेस्ट आणि हे औषध यांत अर्धा तास अंतर ठेवा. तुरटी, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा दारू यांनी चूळ भरू नका. लवंगाचे तेल थेट खड्ड्यात टाकल्याने हिरडी भाजते. दंतवैद्य लवंगातलाच घटक वापरतात, पण तो मोजून, पट्टीत भिजवून.

ड्राय सॉकेट झालेच असेल तर चुळीने जागा स्वच्छ राहते, पण हाड झाकले जात नाही. म्हणून 'अजून चुळा भरून पाहू' असे म्हणत दोन रात्री काढू नका.

दवाखान्यात काय होते

दंतवैद्य खड्डा सलाइनने हळूच धुतात, गरज वाटल्यास दाताचा तुकडा आत राहिला का हे एक्स-रेने पाहतात आणि औषधी पट्टी भरतात. बहुतेकांना तासाभरातच मोठा आराम पडतो. पट्टी एक-दोन दिवसांनी बदलावी लागू शकते. पट्टी न विरघळणारी असेल तर ती काढायला जावेच लागते, म्हणून निघताना तारीख विचारून घ्या. जखम साधारण सात ते दहा दिवसांत झाकली जाते.

तोपर्यंत वेदनेसाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसातून तीन वेळा असे प्रौढांना चालते. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत दोन्ही औषधे एकत्र असतात, त्यामुळे पाकिटावर वाचा. एकच औषध दोन नावांनी दुप्पट जायला नको. मूत्रपिंडाचा आजार, पोटातला अल्सर, दमा, गर्भारपण, किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवण्याचा प्रकारही करू नका.

परत कधी जायचे

वर सांगितल्यासारखा चढता ठणका असेल तर दुसऱ्याच दिवशी, ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडे जा. ते भेटले नाहीत तर दुसऱ्या दंतवैद्याकडे, किंवा नागपूरला मेडिकल परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात. मधुमेह असेल, किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या-इंजेक्शन चालू असेल, तर ते आधी सांगा. अशा रुग्णांत उघडे हाड वेगळ्या आजाराचे लक्षण असू शकते.

रक्त येत असेल तर स्वच्छ गॉझची घडी खड्ड्यावर ठेवून ३० मिनिटे घट्ट चावून धरा, मध्ये काढून पाहू नका. तरीही थांबले नाही तर लगेच जा. ताप, वाढती सूज, पू किंवा तोंड कमी उघडणे असेल तर त्याच दिवशी दाखवा.

गिळता येत नाही, श्वास घ्यायला त्रास होतो, हनुवटीखाली कडक सूज आली आहे किंवा जीभ वर उचलली गेली आहे, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करा.