अ‍ॅरे फिरवायचा, पण जास्तीची जागा न घेता: तीन वेळा उलटं करण्याची युक्ती

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना आणि इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास भेटतो. लीटकोडवर तो १८९ व्या नंबरला आहे. एक अ‍ॅरे दिलेला असतो आणि तो `k` घरं उजवीकडे फिरवायचा असतो. शेवटून जे बाहेर पडेल, ते पुढून आत आलं पाहिजे.

आठवड्याचे वार घेऊन बघू.

```
सोम मंगळ बुध गुरू शुक्र शनि रवि
```

हे ३ घरं उजवीकडे फिरवले, की शेवटचे तीन वार पुढे येतात आणि बाकीचे चार मागे सरकतात.

```
शुक्र शनि रवि सोम मंगळ बुध गुरू
```

दिसायला सोपं आहे. मग अडतं कुठे?

पहिला सरळ उपाय म्हणजे दुसरा अ‍ॅरे घ्यायचा, त्यात सगळं योग्य जागी लिहायचं आणि परत आणायचं. उत्तर बरोबर येतं, पण तेवढीच मेमरी पुन्हा लागते. "इन प्लेस करा" असं प्रश्नात म्हटलं असेल, तर नेमकी हीच सोय मिळत नाही.

दुसरा उपाय म्हणजे एकेक घर सरकवत राहायचं. शेवटचा घटक बाजूला काढायचा, बाकी सगळे एक घर पुढे ढकलायचे, आणि हे `k` वेळा करायचं. जास्तीची जागा लागत नाही, पण वेळ फार जातो. अ‍ॅरेत १० लाख घटक असतील आणि `k` ५ लाख असेल, तर साधारण ५० हजार कोटी वेळा ढकलाढकली करावी लागते.

तीन वेळा उलटं करण्याची युक्ती या दोन्ही अडचणी टाळते.

युक्ती काय आहे?

पहिल्यांदा अख्खा अ‍ॅरे उलटा करायचा.

```
रवि शनि शुक्र गुरू बुध मंगळ सोम
```

जे तीन वार पुढे यायला हवे होते, ते पुढे आले. बाकीचे चार मागे गेले. म्हणजे दोन्ही गट आपापल्या जागी पोचले. फक्त प्रत्येक गटाचा आतला क्रम उलटा झालाय.

म्हणून आता पहिले `k`, म्हणजे ३ घटक पुन्हा उलटे करायचे.

```
शुक्र शनि रवि | गुरू बुध मंगळ सोम
```

आणि शेवटी उरलेले चार उलटे करायचे.

```
शुक्र शनि रवि | सोम मंगळ बुध गुरू
```

झालं. पहिल्या उलटण्याने गटांची अदलाबदल झाली, आणि पुढच्या दोन उलटण्यांनी प्रत्येक गट आतून सरळ झाला. एकदा उलटलेलं पुन्हा उलटलं की ते मूळ क्रमावर येतं, एवढ्या एका गोष्टीवर ही युक्ती उभी आहे.

उलटं करणंही जागच्या जागी होतं. एक बोट पहिल्या घटकावर, एक शेवटच्या घटकावर. दोघांची अदलाबदल करायची, दोन्ही बोटं एकेक घर आत आणायची, आणि ती भेटली की थांबायचं. वरच्या उदाहरणात तिन्ही टप्प्यांत अनुक्रमे ३, १ आणि २ अशा मिळून फक्त ६ अदलाबदली झाल्या. कुठल्याही अ‍ॅरेसाठी हा आकडा घटकांच्या संख्येपेक्षा जास्त होत नाही. १० लाख घटक असतील तर फार तर १० लाख अदलाबदली, मग `k` कितीही असो.

`k` अ‍ॅरेपेक्षा मोठा असेल तर?

इथे बरेच जण फसतात. समजा वार ७ आहेत आणि १० घरं फिरवायला सांगितलं. ७ घरं फिरवली की प्रत्येक वार एक पूर्ण फेरी मारून मूळ जागी येतो, म्हणजे काहीच बदललेलं नसतं. उरतात ३ घरं. म्हणून १० घरं फिरवणं आणि ३ घरं फिरवणं एकच. १०० घरं सांगितली तरी १४ पूर्ण फेऱ्यांत ९८ घरं संपतात आणि खरं काम फक्त २ घरांचं उरतं.

ही बाकी काढायला `k % n` पुरतं. इथे `n` म्हणजे घटकांची संख्या. पायथनमध्ये पूर्ण कोड असा होतो.

```python
def reverse(a, i, j):
    while i < j:
        a[i], a[j] = a[j], a[i]
        i += 1
        j -= 1

def rotate(a, k):
    n = len(a)
    if n == 0:
        return
    k = k % n
    reverse(a, 0, n - 1)
    reverse(a, 0, k - 1)
    reverse(a, k, n - 1)
```

बाकी काढायची ओळ विसरली तर काय होतं? ७ घटकांत `k` १० असताना दुसरा टप्पा ९ व्या इंडेक्सपर्यंत जायला बघतो, आणि तो इंडेक्स अस्तित्वातच नाही. पायथन लगेच `IndexError` देतं, म्हणजे चूक निदान दिसते. सी भाषेत तशी तपासणी होत नाही. तिथे अ‍ॅरेच्या बाहेरच्या मेमरीत लिहिलं जाऊ शकतं आणि गडबड भलत्याच ठिकाणी उगवते.

पायथनमधला `a[-k:] + a[:-k]` हा शॉर्टकट तर चूक दाखवतही नाही. `k` १० असेल तर पहिला तुकडा अख्खा अ‍ॅरे देतो, दुसरा रिकामा येतो, आणि एकही घर न फिरलेला अ‍ॅरे उत्तर म्हणून हातात पडतो. शिवाय तो नवा अ‍ॅरे बनवतो, म्हणजे "इन प्लेस" ही अटही मोडते.

रिकाम्या अ‍ॅरेची तपासणी बाकी काढण्याच्या आधीच हवी, कारण `n` शून्य असेल तर शून्याने भागण्याची एरर येते. `k` उणे असेल तर भाषेप्रमाणे उत्तर बदलतं. `-3 % 7` चं उत्तर पायथनमध्ये 4 येतं आणि ३ घरं डावीकडे फिरवण्याचं काम आपोआप होतं. जावा आणि सीमध्ये मात्र -3 येतं. तिथे `((k % n) + n) % n` असं लिहावं लागतं.

कोड तपासायला मोठी उदाहरणं लागत नाहीत. ७ घटकांवर `k` ला 0, 3, 7 आणि 10 देऊन बघायचं. 0 आणि 7 ला अ‍ॅरे जसाच्या तसा राहिला पाहिजे, 3 आणि 10 ला उत्तर एकच आलं पाहिजे. शेवटी रिकामा अ‍ॅरे देऊन बघायचा.

ही युक्ती आली कुठून?

जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या पुस्तकामुळे ती सर्वदूर पोचली. युनिक्सचे निर्माते केन थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये टेक्स्ट एडिटरसाठी हा कोड लिहिला होता, आणि तेव्हाही ही युक्ती प्रोग्रामरांमध्ये तोंडोतोंडी चालत आलेली होती असं त्यांचं म्हणणं, अशी नोंद बेंटली यांनी केली आहे. एडिटरमध्ये काही ओळी उचलून दुसरीकडे न्यायच्या म्हणजे शेजारच्या दोन गटांची अदलाबदलच असते.

आजही जावाचं `Collections.rotate` मोठ्या लिंक्ड लिस्टसाठी हीच पद्धत वापरतं. फरक इतकाच, की तिथे आधी दोन तुकडे उलटे होतात आणि अख्खी यादी शेवटी. उत्तर तेच येतं, पण तुकडे पाडायची जागा बदलते. शेवटचे `k` घटक हा दुसरा तुकडा धरायचा, पहिले `k` नाही. तिथे चुकून पहिल्या `k` वर तुकडा पाडला, तर अ‍ॅरे उजवीकडे फिरण्याऐवजी डावीकडे फिरतो.