गुणित भार संयोग

'''गुणित भार संयोग''' म्हणजे इमारतीच्या एखाद्या घटकाचे (तुळई, स्तंभ, कैची, पाया इत्यादी) संकल्पन करताना स्थिर भार, चल भार, वाऱ्याचा भार आणि भूकंपाचा भार यांना ठरावीक गुणकांनी गुणून केलेली बेरीज होय. भारतात काँक्रीटच्या बांधकामासाठी हे गुणक आयएस ४५६ (२०००), पोलादी बांधकामासाठी आयएस ८०० (२००७) आणि भूकंपासाठी आयएस १८९३ या मानकांत दिलेले आहेत. घटक एकाच संयोगात सुरक्षित असून भागत नाही. प्रत्येक संयोगात तो तपासावा लागतो.

== संयोग ==

छप्पर किंवा मजले असलेल्या साध्या इमारतीसाठी मूळ संयोग चारच आहेत. DL म्हणजे स्थिर भार, LL म्हणजे चल भार आणि WL म्हणजे वाऱ्याचा भार.

```
1.5 (DL + LL)
1.2 (DL + LL ± WL)
1.5 (DL ± WL)
0.9 DL ± 1.5 WL
```

भूकंपासाठी WL च्या जागी EL घेतात. वारा आणि भूकंप यांची कमाल मूल्ये एकाच क्षणी येण्याचा संभव अत्यल्प असल्याने हे दोन्ही भार एका संयोगात मिळवले जात नाहीत. दुसऱ्या संयोगातील गुणक १.५ वरून १.२ वर येतो, त्यामागेही हाच तर्क आहे: छप्परावर पूर्ण चल भार असताना नेमके त्याच वेळी कमाल वादळ यावे, ही शक्यता कमी असते.

आडवा भार दोन दिशांनी आणि प्रत्येक दिशेत दोन बाजूंनी लागू शकतो. त्यामुळे वरील चार ओळी भूकंपासाठी उलगडल्यावर १ + ४ + ४ + ४ असे १३ संयोग होतात. वाऱ्याचे आणखी १२ धरले, तर एकूण संख्या २५ वर जाते.

== ०.९ हा गुणक ==

सर्वाधिक दुर्लक्षित होणारा संयोग चौथा आहे. इतर संयोगांत स्थिर भार वाढवला जातो. येथे तो कमी केला जातो. कारण येथे स्थिर भार संकट नसून आधार असतो. वारा छप्पर वर उचलू पाहतो आणि छप्पराचे स्वतःचे वजन त्याला खाली धरून ठेवते. हे वजन आराखड्यातल्यापेक्षा थोडे कमी भरले, उदाहरणार्थ पत्रा ठरल्यापेक्षा पातळ बसवला गेला, तर इमारत असुरक्षित होते. म्हणून मदत करणाऱ्या भाराचा नव्वद टक्केच भाग हिशेबात धरतात. घटक उलटण्याचा किंवा त्यातील ताणाची दिशा बदलण्याचा प्रश्न असेल, तेथे हा संयोग निर्णायक ठरतो.

== उदाहरण: कापसाची शेड ==

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात रोहणा हे गाव आहे. हा परिसर कापसाचा असल्याने पत्र्याच्या छप्पराच्या साठवण शेड आणि जिनिंगच्या इमारती येथे नेहमीच्या आहेत. आयएस १८९३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीनुसार वर्धा जिल्हा भूकंपाच्या विभाग २ मध्ये, म्हणजे सर्वांत सौम्य विभागात मोडतो. त्याचा विभाग गुणांक ०.१० आहे. शेडचे वजनही कमी असते आणि भूकंपाचे बल वजनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे अशा इमारतीत भूकंपापेक्षा वाराच बहुधा निर्णायक ठरतो. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात जवळच्या नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. सर्व सुधारणा गुणांक १ धरल्यास वाऱ्याचा दाब ०.६ × ४४² म्हणजे चौरस मीटरला सुमारे १.१६ किलोन्यूटन येतो.

समजा, १८ मीटर रुंदीच्या एका काल्पनिक शेडमध्ये स्तंभांच्या जोड्या ६ मीटर अंतरावर आहेत. एका स्तंभाच्या वाट्याला ९ × ६ = ५४ चौरस मीटर छप्पर येते. पत्रा, पर्लिन आणि कैची मिळून स्थिर भार चौरस मीटरला ०.२५ किलोन्यूटन आणि छप्परावरील चल भार ०.७५ किलोन्यूटन धरू. छप्परावरील बाहेरची ओढ आणि उघड्या दारांतून आत शिरलेल्या वाऱ्याचा दाब यांची बेरीज करून वर उचलणारा निव्वळ दाब १.० किलोन्यूटन धरू. मग एका स्तंभावर DL = १३.५, LL = ४०.५ आणि WL = −५४ किलोन्यूटन असे आकडे मिळतात. ऋण चिन्ह वरच्या दिशेचे बल दर्शवते.

```
1.5 (DL + LL)      = +81.00 kN
1.2 (DL + LL + WL) =   0.00 kN
1.5 (DL + WL)      = -60.75 kN
0.9 DL + 1.5 WL    = -68.85 kN
```

दुसऱ्या ओळीतील शून्य फसवे आहे. छप्परावर माणसे आणि साहित्य असतानाच वादळ आले, तरच वारा आणि भार एकमेकांना तोलतात. वादळाच्या वेळी छप्पर मोकळेच असते. खरी परीक्षा चौथ्या ओळीत होते. तेथे स्तंभ पायातून सुमारे ६९ किलोन्यूटन बलाने वर ओढला जातो. हे बल स्तंभाच्या तळाशी असलेल्या अँकर बोल्टनी सोसले पाहिजे. शिवाय पायाच्या वजनालाही ०.९ लावल्यास पाया आणि त्यावरील माती यांचे एकत्र वजन किमान ७६.५ किलोन्यूटन हवे. केवळ काँक्रीटने हे वजन भरायचे ठरवले, तर तीन घनमीटरहून अधिक काँक्रीट लागते. मातीची दाबक्षमता चांगली आहे म्हणून लहान पाया पुरेल असे समजणाऱ्याला हा आकडा अनपेक्षित वाटतो.

कैचीतही हाच बदल दिसतो. खाली लागणारा गुणित भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन आहे, तर वर लागणारा १.५ × १.० − ०.९ × ०.२५ = १.२७५ किलोन्यूटन, म्हणजे पहिल्याच्या ८५ टक्के. कैचीची खालची पट्टी नेहमी ताणात असते, म्हणून ती सडपातळ ठेवली जाते. वादळात तीच पट्टी जवळजवळ तितक्याच बलाने दाबली जाते आणि आडवा आधार नसल्यास वाकून निकामी होते. ताणात पोलादाचा पूर्ण छेद कामी येतो; दाबात मात्र पट्टीची आधारविरहित लांबी निर्णायक ठरते. म्हणून खालच्या पट्टीलाही ठरावीक अंतरावर बांधणी देणे आवश्यक असते.

== काँक्रीटच्या स्तंभातील फरक ==

बहुमजली काँक्रीट इमारतीत स्तंभ क्वचितच वर ओढला जातो, तरी चौथा संयोग तेथेही महत्त्वाचा ठरतो. स्तंभाची वाकण्याविरुद्धची क्षमता त्यावरील दाबावर अवलंबून असते. दाब एका मर्यादेपर्यंत वाढत असताना ही क्षमताही वाढते आणि त्यानंतर घटू लागते. समजा, एका स्तंभावर DL = ६००, LL = १५० आणि भूकंपामुळे ±८० किलोन्यूटन दाब व ±६० किलोन्यूटन-मीटर आघूर्ण येतो. उभ्या भारांमुळे येणारे आघूर्ण येथे सोडून दिले आहे. पहिल्या संयोगात दाब ११२५ किलोन्यूटन असून आघूर्ण शून्य आहे. चौथ्यात दाब ४२० किलोन्यूटनवर उतरतो, पण आघूर्ण ९० किलोन्यूटन-मीटर होते. सळईचे प्रमाण बहुधा हा दुसरा संयोग ठरवतो.

== नेहमीच्या चुका ==

सर्व संयोगांतील कमाल दाब आणि कमाल आघूर्ण वेगवेगळे निवडून एकत्र वापरणे ही प्रचलित चूक आहे. हे दोन आकडे बहुधा वेगवेगळ्या संयोगांतून आलेले असतात आणि स्तंभावर एका वेळी कधीच लागू होत नाहीत. अशी जोडी सुरक्षित बाजूची असेलच असे नाही, कारण कमी दाबाचा संयोग तिच्यामुळे झाकला जातो.

दुसरी चूक पायाच्या आकारमानात होते. मातीची अनुज्ञेय दाबक्षमता गुणक न लावलेल्या भारांशी पडताळायची असते, तर पायाची जाडी आणि सळई गुणित भारांवरून ठरते. संगणक-प्रणालीतून मिळालेल्या गुणित प्रतिक्रिया थेट दाबक्षमतेशी ताडल्या, तर पाया अकारण दीडपट मोठा होतो; त्याच प्रतिक्रियांना पुन्हा १.५ लावल्यास सव्वादोनपट. पायाखालच्या बलांची बेरीज इमारतीच्या हाताने काढलेल्या वजनाशी ताडून पाहिली की हा घोटाळा लगेच उघड होतो.

== मानकांतील बदल ==

गुणक स्थिर असले, तरी त्यांनी गुणायचा EL हा ठिकाणानुसार आणि काळानुसार बदलतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी येथे भूकंप झाला, तेव्हा तो परिसर विभाग १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत विभाग १ रद्द करून विभाग २ मध्ये मिळवण्यात आला आणि किल्लारीचा परिसर विभाग ३ मध्ये गेला. विभाग ३ चा गुणांक ०.१६ असल्याने एकाच आराखड्याच्या इमारतीचा EL तेथे विभाग २ मधील EL च्या १.६ पट येतो.