दोन प्रतलांची गाठ

1864 साली लाइपझिगच्या ओटो विगांड या प्रकाशकाने आपल्या गोदामातील एका गणितग्रंथाच्या सुमारे सहाशे प्रती रद्दीत काढल्या. वीस वर्षे झाली तरी पुस्तक खपत नव्हते. पुस्तकाचे नाव ‘आउसडेनुंग्सलेरे’, म्हणजे विस्तारशास्त्र. लेखक हेरमान ग्रासमान, बाल्टिक समुद्राजवळच्या श्टेटिन गावातील शाळामास्तर. आज पदवीच्या वर्गात रेषीय बीजगणित शिकताना पहिल्या काही आठवड्यांतच जे सूत्र फळ्यावर येते, त्याचा माग काढू लागलो की आपण याच रद्दीच्या ढिगाशी येऊन पोहोचतो. ते सूत्र असे:

dim(U + W) = dim U + dim W − dim(U ∩ W)

U आणि W हे एका सदिश अवकाशाचे दोन उपअवकाश. U + W म्हणजे U मधील एक आणि W मधील एक असे सदिश घेऊन त्यांच्या ज्या ज्या बेरजा होतात त्या सगळ्यांचा अवकाश, U ∩ W हा दोघांचा छेद, आणि dim म्हणजे मिती, किती स्वतंत्र दिशा आहेत त्याची संख्या. सूत्राचा चेहरा ओळखीचा वाटतो, कारण शाळेत दोन संचांच्या संयोगातील घटक मोजताना आपण दोनदा मोजलेले घटक असेच वजा केलेले असतात. या साम्याने विद्यार्थी निश्चिंत होतो, आणि तिथेच फसतो. कसा, ते पुढे पाहूच.

ग्रासमानचा जन्म 1809 चा. बर्लिनला जाऊन तो धर्मशास्त्र आणि भाषा शिकला. विद्यापीठात त्याने गणित घेतलेच नाही, ते घरी गणितशिक्षक वडिलांच्या पुस्तकांतून उचलले. 1844 च्या ग्रंथात त्याने तीन मितींचे कुंपण काढून टाकले. एका ‘पायरी’चे क्षेत्र म्हणजे रेषा, दोन पायऱ्यांचे म्हणजे प्रतल, आणि पुढे हव्या तितक्या पायऱ्या. जर्मनमधला त्याचा शब्द ‘श्टूफे’, म्हणजे अक्षरशः जिन्याची पायरी. आजच्या ‘मिती’पेक्षा मला तो अधिक बोलका वाटतो. त्याला आकृत्यांचा गुणाकार करायचा होता, आणि अशा एका गुणाकारातून दोन क्षेत्रांचा छेद मिळायला हवा होता. तीन पायऱ्यांच्या अवकाशात आरंभबिंदूतून जाणारी दोन वेगळी प्रतले एका रेषेत भेटतात: दोन अधिक दोन वजा तीन, एक. छेदाच्या पायऱ्या किती आणि दोघांना कवेत घेणाऱ्या लहानात लहान क्षेत्राच्या पायऱ्या किती, हा हिशेब त्याला टाळता येण्यासारखा नव्हता.

पण वाचणार कोण? गणितज्ञ मोबिउसने परीक्षण लिहायला नकार दिला. 1847 मध्ये ग्रासमानने विद्यापीठातील जागेसाठी अर्ज केला, तेव्हा गणितज्ञ कुमरने अभिप्राय दिला की आशय चांगला असला तरी मांडणी सदोष आहे. जागा मिळाली नाही. कुमरवर रागावणे सोपे आहे, पण तो ग्रंथ उघडून पाहणाऱ्याला त्याचे म्हणणे कळते, कारण तत्त्वचिंतनाच्या पानांवर पाने ओलांडल्यावर कुठे गणित हाती लागते. ग्रासमानने मग सगळे नव्याने लिहिले आणि 1862 ची आवृत्ती पदरमोड करून तीनशे प्रतींत छापली. या दुसऱ्या ग्रंथात आपले सूत्र सिद्धतेसह स्वच्छ उतरले आहे. सिद्धतेला लागणारी अदलाबदलीची युक्तीही तिथे आहे: क्षेत्राच्या मूळ सदिशांपैकी काही काढून त्यांच्या जागी आपल्या पसंतीचे तितकेच स्वतंत्र सदिश बसवता येतात. पाठ्यपुस्तके ही युक्ती श्टाइनित्सच्या नावाने शिकवतात. श्टाइनित्सचा निबंध 1913 चा आहे.

दुसरा ग्रंथही पडून राहिला आणि ग्रासमान संस्कृतकडे वळला. 1873 ते 1875 या काळात त्याचा ऋग्वेदाचा कोश निघाला, लगेच दोन खंडांत ऋग्वेदाचे भाषांतर आले. ‘धा’ धातूचे द्वित्व होताना ‘धधाति’ न होता ‘दधाति’ का होते, याचा 1863 मध्ये त्याने मांडलेला नियम भाषाशास्त्रात आजही त्याच्याच नावाने चालतो. वेदाच्या अभ्यासकांकडे त्याचा कोश असतो, गणिताच्या विद्यार्थ्याकडे त्याचे सूत्र असते, आणि हा एकच माणूस हे दोघांपैकी कुणाला सहसा ठाऊक नसते. 1876 मध्ये ट्युबिंगेन विद्यापीठाने त्याला मानाची डॉक्टरेट दिली, ती भाषाशास्त्रातील कामासाठी. पुढच्याच वर्षी तो वारला.

यानंतर सूत्राला नवा पोशाख मिळाला तो दोन वाटांनी. पहिली वाट इटलीतली. 1888 मध्ये जुझेप्पे पेआनोने ग्रासमानच्या विस्तारशास्त्रावर आधारलेले एक पुस्तक लिहिले. सदिश अवकाशाची आज आपण घोकतो तशी स्वयंसिद्ध व्याख्या प्रथम तिथे सापडते, आणि आपल्या सूत्रातले ∩ हे चिन्हही त्याच पुस्तकातले. दुसरी वाट रिशार्ट देदेकिंटची. तो संख्यासिद्धांताच्या बाजूने आला. शाळेत आपण शिकतो की मसावि गुणिले लसावि म्हणजे त्या दोन संख्यांचा गुणाकार; 12 आणि 18 साठी 6 × 36 = 216. आता 12 च्या सगळ्या पटींचा संच आणि 18 च्या सगळ्या पटींचा संच घ्या. दोन्हींच्या बेरजेतून 6 च्या पटी मिळतात आणि छेदातून 36 च्या. म्हणजे मसावि ही बेरीज ठरली आणि लसावि हा छेद. गुणाकाराच्या जागी मितींची बेरीज ठेवली की हे ग्रासमानचेच सूत्र.

1900 साली देदेकिंटने विचारले की दोनऐवजी तीन घटक असले, आणि बेरीज व छेद पुन्हा पुन्हा घेत गेलो, तर किती निरनिराळे अवकाश निघतील. उत्तर आले: फार तर 28. वितरणाचा नियम पाळणाऱ्या संचांसाठी हीच संख्या 18 आहे. उपअवकाश संचांसारखे वागत नाहीत याचा हा पक्का पुरावा. त्याहून सोपा पुरावा कागदावर काढता येतो. एका प्रतलात आरंभबिंदूतून तीन वेगळ्या रेषा काढा. संचांच्या सवयीने लिहिलेले सूत्र सांगेल: 1 + 1 + 1 वजा तीन शून्ये अधिक शून्य, म्हणजे तीन. पण तिन्ही रेषांची बेरीज त्याच प्रतलात राहते आणि तिची मिती दोन. सूत्र दोन उपअवकाशांपाशी खरे आहे, तिसरा आला की संचांची नक्कल चालत नाही.

1920 च्या दशकात ग्योटिंगेनला एमी नोएथरच्या भोवती हे सारे एकत्र आले, आणि 1930-31 मध्ये वान डेर वेर्डेनच्या ‘मॉडर्न अल्जिब्रा’च्या दोन खंडांतून नवे बीजगणित विद्यापीठांत पोहोचले. आज शिकवली जाते ती सिद्धता त्याच शैलीतली आहे. सुरुवात छेदापासून होते. छेदाचा आधार, म्हणजे कॉलेजात ज्याला बेसिस म्हणतात तो, आधी निवडायचा. त्यात भर घालून U चा आधार पुरा करायचा आणि वेगळी भर घालून W चा. मग तिन्ही गठ्ठे मिळून U + W चा आधार होतो. का? समजा त्यांची एखादी जुळवणी शून्य आली. W च्या भरीचा भाग एका बाजूला घेतला, तर तो दुसऱ्या बाजूमुळे U मध्येही आहे. दोन्हींत आहे म्हणजे छेदात आहे, म्हणून तो छेदाच्या आधारातूनच लिहिता यायला हवा. पण भर त्या आधारापासून स्वतंत्र होती, तेव्हा तिचे सगळे गुणक शून्य, आणि मागोमाग उरलेलेही. सारी मदार छेदापासून सुरुवात करण्यावर आहे.

आता ते चार मितींत करून पाहू. U हा u₁ = (1, 0, 1, 1) आणि u₂ = (0, 1, 1, 2) यांनी जन्मलेला, W हा w₁ = (1, 1, 1, 1) आणि w₂ = (0, 0, 1, 2) यांनी. दोन्ही प्रतले, मिती दोन-दोन. चारही सदिश वेगळे दिसतात, म्हणून घाईत उत्तर येते की छेद शून्य आणि बेरीज चार मितींची. मी ज्या फसण्याबद्दल म्हटले ते हेच. आधारांत सामाईक सदिश नसला तरी अवकाशांत असू शकतो.

छेदात बसणारा सदिश दोन्हीकडून लिहिता यायला हवा: a·u₁ + b·u₂ = c·w₁ + d·w₂. घटक जुळवू. पहिल्या घटकातून a = c, दुसऱ्यातून b = c. तिसऱ्यातून a + b = c + d, म्हणजे d = c. चौथ्यातून a + 2b = c + 2d, म्हणजे 3c = 3c. चौथे समीकरण काहीच नवे सांगत नाही, आणि त्या मोकळीकीतच छेद आहे. c = 1 घेतले की (1, 1, 2, 3) मिळतो. तो u₁ + u₂ आहे आणि w₁ + w₂ देखील. छेद एका रेषेचा, म्हणून बेरजेची मिती 2 + 2 − 1 = 3. सिद्धतेप्रमाणे छेदाचा (1, 1, 2, 3), U ची भर u₁ आणि W ची भर w₂ हा बेरजेचा आधार झाला. ताळा हवा असेल तर x₁ + x₄ = 2x₃ या समीकरणात चारही मूळ सदिश घालून पाहा. चौघेही ते पाळतात, म्हणून बेरीज चार मितींची होऊच शकत नाही.

आता w₂ चा शेवटचा 2 काढून तिथे 3 ठेवू. पहिली तीन समीकरणे तशीच राहतात, चौथे होते 3c = c + 3d, म्हणजे 3c = 4c. मग c शून्य, छेद शून्य, आणि बेरीज अख्खा चार मितींचा अवकाश. दोन प्रतले फक्त एका बिंदूत भेटली. तीन मितींत राहणाऱ्या आपल्या डोळ्याला हे दिसत नाही, कारण तिथे 2 + 2 − 3 मुळे निदान एक रेषा भेटीला येतेच. ग्रासमानने 1844 मध्ये पायऱ्या वाढवल्या त्याचा अर्थ इथे कळतो.

आणि 2 च्या जागी 2.0001 ठेवला तर? सूत्राला दयामाया नाही. 3c = 3.0001c, म्हणून पुन्हा c शून्य आणि रेषा नाहीशी. पण हा आकडा जर मोजमापातून आला असेल आणि मापाची चूक तिसऱ्या दशांशस्थळावर असेल, तर त्या उत्तराचा भरवसा धरता येत नाही. आज हे काम संगणकावर `numpy.linalg.matrix_rank` कडे दिले जाते. काहीच न सांगता 2.0001 चे चार सदिश दिले तर ते 4 असे उत्तर देते. त्यात `tol` नावाची मर्यादा घालता येते, आणि ती पुरेशी सैल केली की उत्तर 3 येते. ती किती ठेवायची हे मापाच्या चुकीवरून आपणच ठरवायचे असते.