नाडीचा आकडा : सांतोरिओच्या दोऱ्यापासून सातवीच्या वर्गापर्यंत

१/ सातवीच्या विज्ञानाच्या तासाला एक साधा प्रयोग केला जातो. मुले स्वस्थ बसून मनगटावरची नाडी मोजतात, मैदानात धावून येतात आणि पुन्हा मोजतात. आकडा वाढलेला दिसतो. पाच-दहा मिनिटांत संपणाऱ्या या प्रयोगासाठी तीन गोष्टी लागतात : नाडीवर ठेवलेले बोट, मिनिट दाखवणारे घड्याळ आणि ठोके ऐकवणारी नळी. त्यांतले बोट प्राचीन आहे; उरलेल्या दोहोंना मात्र इतिहास आहे.

२/ नाडी पाहण्याची विद्या फार जुनी असली, तरी त्या काळी नाडीची परीक्षा मुख्यतः तिच्या गुणावरून होई. रोमन साम्राज्यातील वैद्य गालेन याने नाडीच्या असंख्य प्रकारांवर विस्तृत लेखन केले. भारतात शार्ङ्गधरसंहितेने नाडीच्या गतीला सर्प, बेडूक, हंस यांच्या चालीची उपमा दिली. कुशल वैद्याच्या बोटांना हा भेद कळत असे. परंतु एका वैद्याला जाणवलेले दुसऱ्याला तंतोतंत सांगता येत नसे. उपमा शिकवता येते, तिची तुलना आकड्यासारखी करता येत नाही.

३/ सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील वैद्य सांतोरिओ सांतोरिओ (१५६१–१६३६) याने यावर एक उपाय योजला. दोऱ्याला वजन बांधून त्याने लंबक केला. लंबकाचा झोका नाडीच्या ठोक्याशी जुळेपर्यंत तो दोरा लांब किंवा आखूड करी. दोरा आखूड झाला की झोके जलद होतात. म्हणून झोका जुळल्यावर दोऱ्याची लांबी पट्टीवर वाचायची. तीच नाडीच्या गतीची खूण. या उपकरणाला त्याने ‘पल्सिलोजियम’ म्हटले.

४/ या उपकरणाला एक मर्यादा होती. मिनिटाला किती ठोके पडतात, हे ते सांगत नसे. त्याच माणसाची नाडी कालच्यापेक्षा जलद आहे की मंद, एवढेच सांगे. तरीही एक मोठी गोष्ट घडली होती. शरीरातला बदल वैद्याच्या स्मरणातून बाहेर येऊन पट्टीवर उमटला होता. व्यायामाच्या प्रयोगात नेमके हेच लागते : त्याच व्यक्तीची आधीची आणि नंतरची नोंद.

५/ मिनिट मिळाले ते इंग्लंडमध्ये. १६५६ मध्ये ख्रिस्तिआन हायगेन्सने लंबकाचे घड्याळ सिद्ध केले आणि कालमापन अचूक होऊ लागले. पुढे १७०७ मध्ये जॉन फ्लॉयर या वैद्याने नाडी आणि घड्याळ यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने नाडी मोजण्यासाठी खास घड्याळ घडवून घेतले होते. ते बरोबर एक मिनिट चाले. ‘मिनिटाला इतके ठोके’ ही आज शाळकरी मुलाच्या तोंडी असलेली भाषा त्याने आग्रहाने मांडली. तथापि ही पद्धत वैद्यकात रुळायला पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला.

६/ नळी आली पॅरिसहून. १८१६ मध्ये रने लाएनेक या डॉक्टरांना एका तरुण रुग्णस्त्रीच्या छातीला कान लावणे संकोचाचे वाटले. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी करून तिचे एक टोक छातीवर आणि दुसरे कानाशी धरले. ठोके नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आले. त्यांनी पुढे लाकडी नळी घडवली. तोच पहिला स्टेथोस्कोप.

७/ राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर एनसीईआरटीने काढलेल्या सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे धागे एकत्र आले. मनगटावर दोन बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजायची. नरसाळ्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून आणि त्याच्या दांड्याला रबरी नळी जोडून स्टेथोस्कोप बनवायचा. विश्रांतीत आणि धावल्यावर नाडी व हृदयाचे ठोके तक्त्यात लिहायचे. दोन्ही आकडे जुळले, की मनगटावरची नाडी म्हणजे हृदयाच्याच ठोक्यांची लाट, हे मुलाला स्वतःच्या हाताने कळते.

८/ पण फ्लॉयरचे मिनिट येथे दगा देते. त्याचा रुग्ण अंथरुणावर स्वस्थ पडलेला असे. मूल मात्र नुकतेच धावून थांबलेले असते. थांबताक्षणी हृदयाला आवर घालणाऱ्या मज्जातंतूंचा अंमल परत येऊ लागतो आणि ठोके क्षणाक्षणाला उतरत जातात. मिनिटभर मोजत राहिले, तर मोजता मोजताच मोजायची गोष्ट बदलते.

९/ एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मुलीची विश्रांतीतील नाडी ८४ आहे. धावून थांबल्यावर पहिल्या १५ सेकंदांत ३६, पुढच्या १५ सेकंदांत ३२, मग २९, मग २७ ठोके पडतात. पूर्ण मिनिटाची बेरीज १२४ होते. परंतु पहिल्या १५ सेकंदांचे ३६ ठोके चौपट केले, तर १४४ येतात. वीस ठोक्यांचा हा फरक केवळ मोजण्याच्या रीतीचा आहे. लहान मोजणीलाही किंमत द्यावी लागते : एक ठोका चुकला, की उत्तर चाराने चुकते. म्हणून विश्रांतीत पूर्ण मिनिट आणि धावल्यावर लगेच १५ सेकंद मोजणे इष्ट.

१०/ हीच अडचण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत उपयोगी ठरली. हार्वर्डच्या ‘फटीग लॅबोरेटरी’त ल्यूसिएन ब्रूहा आणि सहकाऱ्यांनी तरुणांची क्षमता पाहण्यासाठी पायरीची चाचणी तयार केली. २० इंच उंच बाकावर मिनिटाला ३० वेळा चढउतार, जास्तीत जास्त ५ मिनिटे. मग नाडीची मोजणी तीन वेळा, प्रत्येकी अर्धा मिनिट. नाडी किती चढली यापेक्षा ती किती लवकर उतरली, याला त्यांनी महत्त्व दिले. २० इंचांचा बाक मुलांसाठी फार उंच. पण दर मिनिटाला पुन्हा मोजण्याची युक्ती वर्गातही चालते.

११/ प्रयोग आणखी एका ठिकाणी फसतो. पुस्तकात विश्रांतीची नाडी साधारण ७२ ते ८० सांगितलेली असते. तो आकडा प्रौढांचा आहे. मुलांचे हृदय लहान, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी. म्हणून ठोके अधिक. दहा-बारा वर्षांच्या मुलाची नाडी ९० भरली तर त्यात वावगे काही नाही. परंतु ‘बरोबर उत्तर’ ७२ आहे असे वर्गाला वाटले, तर तक्ते ७२ने भरतात. सगळ्यांचा आकडा सारखा आला, की मोजणी झालीच नाही असे समजावे.

१२/ इतर चुका ओळखायला सोप्या आहेत. अंगठ्याने मोजल्यास त्याची स्वतःची नाडी मध्ये येते. मानेवर जोराने दाबल्यास ठोकेच मंदावू शकतात. पळण्याच्या उत्साहानेही नाडी आधीच चढते, म्हणून पाच मिनिटे शांत बसूनच पहिली नोंद घ्यावी. दमा किंवा हृदयविकार असलेल्या मुलाला धावायला न लावता घड्याळ त्याच्या हाती द्यावे.

१३/ स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो, म्हणून हृदय जलद चालते, हे वाक्य पुस्तकात वाचता येते. ८४, १४४ आणि तीन मिनिटांनंतरचे ९६ हे स्वतःच्या मनगटावरून लिहिणारी मुलगी मात्र सांतोरिओच्या पट्टीवरचेच काम करीत असते : कालच्या स्वतःशी आजच्या स्वतःची तुलना.

(धागा समाप्त)