जांगड: माल रामटेकला, मालकी इतवारीत

१. आपल्या बाजारपेठांत ‘जांगड’ हा जुना शब्द आहे. पसंत पडला तर ठेवावा, नाही तर परत करावा, या बोलीवर दुकानातून नेलेला माल म्हणजे जांगड माल. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही हा शब्द याच अर्थाने नोंदलेला आहे. अशा व्यवहारात माल एकाच्या दुकानात असतो आणि मालकी दुसऱ्याची असते. मग विक्री झाली असे नेमके केव्हा म्हणायचे?

२. रामटेकच्या गडाखाली कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. लक्ष्मीपूजनाला जुन्या वह्या बंद करून पाडव्याला नव्या सुरू करण्याची व्यापाऱ्यांची रीत होती. म्हणजे यात्रा नव्या वर्षाच्या पंधराव्या दिवशी येई. पण तिच्यासाठीचा माल जुन्या वर्षातच पाठवावा लागे. जांगडीचा पेच इथेच उभा राहतो.

३. एक कल्पित उदाहरण घेऊ. काळ १९३५ च्या सुमाराचा. नागपूरच्या इतवारीतील एक पेढी दिवाळीच्या आठवडाभर आधी रामटेकच्या दुकानदाराकडे २० लुगडी जांगड पाठवते. पेढीची खरेदी प्रत्येकी ४ रुपये, दुकानदारासाठी भाव ५ रुपये. नको असलेला माल पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत करायचा, अशी मुदत ठरते.

४. या व्यवहाराला तोवर लिखित नियम मिळाला होता. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम २४ नुसार अशा मालाची मालकी तीन प्रसंगी घेणाऱ्याकडे जाते: त्याने पसंती कळवली तर, माल आपलाच असल्यासारखी एखादी कृती केली, उदाहरणार्थ तो पुढे विकला, तर, किंवा नकार न कळवता मुदतीपलीकडे ठेवून घेतला तर. मुदत ठरलेली नसेल, तर वाजवी काळ उलटल्यावर मालकी जाते.

५. आता लक्ष्मीपूजनाचा दिवस. रामटेकला ४ लुगडी विकली गेली आहेत. पेढीची त्या वर्षाची विक्री ४ गुणिले ५, म्हणजे २० रुपये. उरलेली १६ रामटेकच्या फळीवर असली, तरी ती पेढीच्याच शिलकी मालात धरायची. आणि तीही खरेदीच्या भावाने, म्हणजे ६४ रुपयांना. त्यासाठी वही बंद करण्यापूर्वी दुकानदाराकडून विक्रीची यादी मागवणे आवश्यक ठरते.

६. चूक इथेच होते. मुनीमाने माल निघाला त्याच दिवशी २० लुगड्यांची १०० रुपये विक्री लिहिली, तर जुन्या वर्षात १६ रुपयांचा नफा खोटा दिसेल. त्या नफ्यावर भागीदारांनी उचल घेतली आणि यात्रेनंतर गठ्ठा परत आला, तर पैसे गेलेले आणि माल घरात. ही चूक ओळखण्याची खूण अशी: वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात विक्री अचानक फुगते आणि नव्या वर्षाच्या आरंभी परतीचा माल येऊ लागतो.

७. पौर्णिमा सरली. यात्रेत आणखी ९ लुगडी खपली. ३ मुदतीत परत आली. उरलेल्या ४ लुगड्यांबद्दल दुकानदाराने काहीच कळवले नाही आणि मुदत उलटली. कायद्याच्या दृष्टीने हे मौन म्हणजेच खरेदी. नव्या वर्षाची विक्री १३ लुगड्यांची, ६५ रुपये. परत आलेली ३ पुन्हा पेढीच्या फळीवर.

८. पण दुकानदाराने माल गहाण टाकला तर? १८९७ च्या ‘किर्कहॅम विरुद्ध अ‍ॅटनबरो’ या इंग्लंडमधील खटल्यात असेच घडले. ‘विका किंवा परत करा’ या बोलीवर दिलेले दागिने घेणाऱ्याने गहाण ठेवले. गहाण ठेवणे ही मालकाचीच कृती, म्हणून मालकी त्याच्याकडे गेली, असे न्यायालयाने ठरवले. कारखानदाराला सावकाराकडून दागिने परत मिळाले नाहीत.

९. १९०६ च्या ‘वायनर विरुद्ध गिल’ खटल्यात मात्र चिठ्ठीवर स्पष्ट अट होती, की हिशेब चुकता होईपर्यंत किंवा माल नावे लिहिला जाईपर्यंत मालकी देणाऱ्याचीच राहील. तिथे मूळ मालक जिंकला. कलम २४ चा नियम पक्षकारांनी वेगळे ठरवले नसेल तेव्हाच लागू होतो. म्हणून मुंबईच्या जवाहीर बाजारात जांगडीच्या चिठ्ठीवरील मजकुराला एवढे वजन आले.

१०. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने १९८५ मध्ये काढलेल्या लेखा मानक ९ मध्ये पसंतीवर पाठवलेल्या मालाचे उत्पन्न केव्हा धरायचे हे सांगताना पुन्हा त्याच कसोट्या आल्या: स्वीकार, कृती किंवा मुदतीचा अंत. २०१८ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेले इंड-एएस ११५ ‘मालावर ताबा कोणाचा’ असे विचारते. जीएसटी कायद्याने मात्र वेगळी सीमा आखली: पसंतीवर पाठवलेल्या मालाचे बीजक, पसंती कळली नसली तरी, सहा महिन्यांच्या आत काढावेच लागते.

११. जांगडीची वेगळी वही ठेवणारा मुनीम या मानकांच्या कितीतरी आधी हेच करत होता. त्या वहीत तो माल, भाव आणि मुदत लिहून ठेवी. विक्रीच्या खात्यात मात्र, रामटेकहून खबर येईपर्यंत किंवा मुदत सरेपर्यंत, एक अक्षरही लिहीत नसे.